बैलाच्या पोटातली पुरणपोळी

आजचा भाग सुरू होतो एका भांडणापासून, आणि भांडण आहे एका बैलावरून.

तान्ह्या पोळ्याला मी सेलूला ताईकडे होतो. सेलू म्हणजे आपल्या वर्धा जिल्ह्यातलं, नागपूर रस्त्यावरचं. विदर्भाबाहेरून ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, मोठा पोळा खऱ्या बैलांचा असतो आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं चाकं लावलेले लाकडी बैल सजवून घरोघरी फिरवतात. तो तान्हा पोळा. तर बैल फिरवून झाला, बोजारा मिळाला, आणि भाची खडू घेऊन जमिनीवर पालथी पडली. ती साडेपाच वर्षांची आहे. तिने बैल काढला. आडवा, बाजूने दिसणारा. पण त्याचे चारही पाय एका रांगेत, कंगव्याच्या दातांसारखे. चारही पायांखाली चार चाकं. डोळे दोन, दोन्ही एकाच गालावर. आणि पोटात एक पिवळा गोल.

"हे काय आहे गं?"

"पुरणपोळी. काल आबाजीच्या बैलानं खाल्ली ना, मामा."

तिचा भाऊ अकरा वर्षांचा. त्याने वाकून पाहिलं आणि खो-खो हसला. "पोटातलं कुठी दिसते का बे? अन् दोन डोळे एकाच बाजूले?" मग तो स्वतः काढायला बसला. दहा मिनिटं खोडरबर घासलं, पुढच्या पायांपाशी अडकला, आणि कागद चुरगळून फेकला. "मले नाई येत चित्र."

भाची अजून काढतच होती.

हे दोन कागद मी घरी घेऊन आलो, एक सरळ आणि एक चुरगळलेला. ज्या मुलीचं चित्र 'चुकलेलं' आहे ती खूश आहे, आणि ज्याला काय चुकलं ते कळतं त्याने चित्र सोडलं. असं का होतं, हे विचारणारी माणसं जगात फार उशिरा आली. त्यातला एक माणूस सेलूपासून फार लांब नसलेल्या सेवाग्रामात अठरा वर्षं राहून गेला. त्याच्याकडे येऊच. आधी थोडं मागे जाऊ.

1880 च्या दशकातली गोष्ट. इटलीत बोलोन्या नावाचं शहर आहे, तिथे रस्त्याकडेला लांबच लांब कमानींचे व्हरांडे असतात. कोर्रादो रिच्ची नावाचा कलेचा अभ्यासक पावसापासून वाचायला अशाच एका व्हरांड्यात शिरला. भिंतीवर पोरांनी चित्रं काढून ठेवली होती. आपण अशी भिंत बघतो तेव्हा "कोणाची कार्टी आहेत ही" एवढंच म्हणतो. रिच्ची पाऊस थांबेपर्यंत बघत राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की यात एक क्रम आहे. मग त्याने मुलांची चित्रं गोळा करायला सुरुवात केली आणि 1887 मध्ये 'मुलांची कला' अशा नावाचं छोटं पुस्तक काढलं. मुलं जे दिसतं त्याची नक्कल करत नाहीत, त्यांना जे माहीत आहे त्याचं वर्णन करतात, हे त्याचं म्हणणं. माझ्या भाचीची पुरणपोळी त्याने लगेच ओळखली असती.

आता हा क्रम काय आहे ते बघू. मी तो घरच्या अनुभवावरून सांगतो, कारण ताईने भाच्याचे जुने कागद, कालनिर्णयाच्या पानांच्या पाठीमागे काढलेले, पेटीत जपून ठेवले आहेत.

सगळ्यात जुना कागद तो दोन वर्षांचा असतानाचा. नुसत्या गिचमिड रेघा. अर्ध्या वर्तुळासारख्या, पुढे-मागे, पुढे-मागे. मनगट अजून हललेलंच नाही, सगळा हात खांद्यापासून फिरलाय. आपल्याला वाटतं की याला हात हलवायची मजा वाटत असेल. पण 1968 मध्ये दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी, गिब्सन आणि योनास यांनी, एक साधी गोष्ट केली. लहानग्यांच्या हातात त्यांनी आधी उमटणारी आणि मग न उमटणारी पेन्सिल दिली. दिसायला सारखी, हात तसाच फिरतो, फक्त कागदावर काही येत नाही. मुलं लगेच कंटाळली. म्हणजे मजा हात हलवण्यात नव्हती. 'मी केलं आणि ते तिथे राहिलं', यात होती. ज्याच्या पेनाची रिफिल संपली असेल त्याला हे पटेल.

पुढे एक दिवस गोल जुळतो. रेघ जिथून निघाली तिथे परत येते, साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपास. हा मोठा टप्पा आहे, कारण आता कागदाला आत आणि बाहेर असे दोन भाग झाले. एक 'वस्तू' तयार झाली. भाच्याच्या एका गोलाखाली ताईने लिहून ठेवलंय: आधी म्हणाला चेंडू, मग म्हणाला आजी. दोन्ही खरं. या वयात मूल आधी काढतं आणि मग बघून ठरवतं की काय झालं.

मग येतो तो प्रसिद्ध माणूस. मोठं डोकं, त्यात डोळे, आणि डोक्यालाच खाली दोन काड्या. पोट नाही, छाती नाही. बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लासारखा दिसतो. जगभरात तीन-चार वर्षांची बरीच मुलं हा माणूस काढतात. याला पोट कुठे गेलं? मुलाला पोट माहीत नसतं असं तर नाही, दिवसभर तेच दुखत असतं. क्लेअर गोलोम्ब या अभ्यासिकेने मुलांना एकेक भाग सांगून चित्र काढायला लावलं, आता डोकं काढ, आता पोट काढ, आता पाय. याच मुलांनी पोट काढून दाखवलं. म्हणजे ज्ञान होतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन फ्रीमन म्हणाला की अडचण यादीची आहे. मूल वरून सुरू करतं, डोकं. शेवट ठाऊक असतो, पाय. मधलं निसटतं. आपल्यालाही किराण्याची यादी पाठ केली की पहिलं आणि शेवटचं आठवतं, मधलं हिंग राहून जातं. तसंच.

म्हणून डोक्याला पाय फुटलेला माणूस बघून 'याला अजून समजत नाही' असं म्हणू नका. एक मूल एका वेळी किती गोष्टींचा हिशेब ठेवू शकतं, तेवढंच त्यातून कळतं.

आता पुरणपोळीकडे. जॉर्ज-आँरी ल्युके नावाचा फ्रेंच अभ्यासक होता. त्याने स्वतःच्या मुलीची चित्रं वर्षानुवर्षं जपली आणि काढताना ती काय बोलत होती तेही लिहून ठेवलं. 1913 मध्ये त्याचं त्यावरचं पुस्तक आलं, 1927 मध्ये दुसरं. त्याने एक फरक मांडला जो आजही वापरतात. साधारण पाच ते आठ वर्षांची मुलं जे चित्र काढतात ते खोटं नसतं, तेही खऱ्याचंच चित्र असतं, पण डोक्यातल्या खऱ्याचं. बैलाला चार पाय आहेत, म्हणून चार दिसले पाहिजेत. डोळे दोन आहेत, म्हणून दोन. पोळी पोटात गेली, म्हणजे पोटातच काढायची. शेतात भुईमूग काढला तर जमिनीखालच्या शेंगा दाखवणारच. नंतर, आठ-नऊच्या पुढे, हळूहळू दुसरं खरं येतं, डोळ्याचं खरं: मी इथे उभा आहे, इथून काय दिसतं आणि काय झाकलं जातं?

हे घरी तपासता येतं. फ्रीमन आणि जॅनिकून यांनी 1972 मध्ये केलेला प्रयोग आहे आणि त्याला फक्त एक कप लागतो. कपाच्या बाजूला फूल छापलेलं हवं. कप असा ठेवायचा की कान मागे जाईल, दिसणार नाही, आणि फूल समोर येईल. मग म्हणायचं, दिसतो तसा काढ. त्यांच्या प्रयोगात पाच-सहा वर्षांच्या मुलांनी न दिसणारा कान काढला आणि दिसणारं फूल सोडून दिलं. आठच्या पुढच्या मुलांनी उलटं केलं. मी सेलूला दिवाळीत ताईच्या चहाच्या कपावर हे करून पाहिलं. भाचीने कान काढला, तोही आधी. फुलाचं विचारलं तर म्हणाली, "फूल तर कोणत्याबी कपावर असते." बघा, किती बरोबर आहे! कान असल्याशिवाय तो कप नाही, तो पेला होईल. ती मला 'हा कप आहे' असं सांगत होती. मी विचारत होतो 'इथून काय दिसतं'. प्रश्नच दोन वेगळे.

पण इथे एक गोम आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. 1983 मध्ये अ‍ॅलिसन डेव्हिसने याच प्रयोगात एक बदल केला. समोर दोन कप ठेवले, एकाचा कान दिसतोय आणि दुसऱ्याचा लपलाय. आता लहान मुलांपैकी बऱ्याच जणांनी दुसऱ्या कपाचा कान गाळला. का? कारण आता फरक दाखवणं हेच काम होतं. म्हणजे या पायऱ्या जिन्यासारख्या नाहीत की एक पाय वर ठेवला की खालची पायरी संपली. पाच वर्षांच्या मुलालाही दिसतं तसं काढता येतं, त्याला ते करायचं कारण हवं. वयांचे आकडे मी सांगतोय ते ढोबळ आहेत. कोणी आपल्या लेकराला त्यावर मोजायला बसू नका.

आता सेवाग्राम.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात, तेव्हाच्या मारवाडी विद्यालयात, शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. तिथून झाकीर हुसेन समिती, आणि तिथून नई तालीम, जिला आपण शाळेत 'वर्धा योजना' म्हणून दोन मार्कांसाठी पाठ केलं. त्या योजनेचं रोजचं वेळापत्रक बघण्यासारखं आहे. दिवस साडेपाच तासांचा. त्यातले तीन तास वीस मिनिटं मूळ हस्तव्यवसायाला, म्हणजे सूत कताई वगैरे. आणि चित्रकला? संगीत, चित्रकला आणि गणित, तिघांना मिळून चाळीस मिनिटं.

गांधीजींना चित्रकला नको होती असं मुळीच नाही. आत्मकथेत त्यांनी स्वतःच्या खराब अक्षराबद्दल मनापासून खंत केली आहे, आणि म्हटलंय की मुलाला अक्षर गिरवायला लावण्याआधी चित्र काढायला शिकवावं. फूल, पक्षी बघून काढावेत, मग अक्षरंही तशीच बघून काढली जातील. विचार सुंदर आहे. पण त्यात चित्र ही हाताची आणि डोळ्याची तालीम आहे. चित्र वस्तूशी जितकं जुळेल तितकं चांगलं. त्या हिशेबाने माझ्या भाचीचा बैल नापास. ती 'बघून' काढतच नाहीये.

1944 मध्ये सेवाग्रामात तेवीस वर्षांचा एक तरुण कलाशिक्षक म्हणून आला. देवी प्रसाद. जन्म डेहराडूनचा, शिक्षण शांतिनिकेतनच्या कलाभवनात, नंदलाल बोस यांच्याकडे. ज्या आशादेवी आणि आर्यनायकम दांपत्याने सेवाग्रामची शाळा चालवली, तेही शांतिनिकेतनहूनच आलेले. देवी प्रसाद 1962 पर्यंत इथे राहिले. ते मातीची भांडी करायचे, फोटो काढायचे, 'नई तालीम' मासिकाचं काम बघायचे. आणि मुलांची चित्रं जपायचे. त्यांनी त्यावर हिंदीत पुस्तक लिहिलं, ते पुढे इंग्रजीत वाढवून 1998 मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने काढलं. त्याचं नाव 'आर्ट: द बेसिस ऑफ एज्युकेशन'. कला हाच शिक्षणाचा पाया. चाळीस मिनिटांच्या तिसऱ्या वाट्यातून थेट पायापर्यंत! मला यात गांधीजींशी विरोध दिसत नाही, पण फरक नक्की दिसतो, आणि तो लपवावा असंही वाटत नाही. गांधीजींना चित्रातून अक्षराकडे जायचं होतं. देवी प्रसादांना चित्रातून मुलाकडे जायचं होतं.

यातून वर्गात काय बदलतं? एकच गोष्ट सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यातून निघतं. मोठ्याने काढलेलं चित्र मुलापुढे नकलेसाठी ठेवायचं नाही आणि मुलाच्या चित्रावर आपला हात चालवायचा नाही. साधनं द्यायची, वातावरण द्यायचं, गप्प बसायचं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. भाची चार पाय रांगेत काढत असताना माझा हात किती वेळा पेन्सिलीकडे गेला ते मला माहीत आहे. आणि मी एकदा जरी 'बरोबर' बैल काढून दाखवला असता, तर तिने माझा बैल पाठ केला असता. तिचा बैल, ज्यात तिला काय काय कळलंय ते सगळं होतं, तो गेला असता.

याचा पुरावा आपण सगळे आहोत. आत्ता डोळे मिटून 'निसर्गचित्र' काढा. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, खाली येणारी नदी, कडेला झोपडी, एक नारळाचं झाड, आकाशात चारचे आकडे म्हणजे पक्षी. बरोबर ना? वर्धा जिल्ह्यात नारळाची झाडं कोणी लावली हो? आपल्याकडे कपाशी, तूर, पळस, बाभूळ. मी लहानपणी धाम नदीच्या काठाला राहूनही ही सीनरी काढायचो, कारण फळ्यावर तीच असायची. या चित्राकडे बघून मुलाच्या मनाबद्दल काही कळत नाही. फळ्याबद्दल कळतं.

आणि मग अकरावं वर्ष. भाच्याचा चुरगळलेला कागद.

व्हिक्टर लोवेनफेल्ड हा व्हिएन्नाचा कलाशिक्षक होता. 1938 मध्ये त्याला देश सोडावा लागला आणि तो अमेरिकेत गेला. 1947 मध्ये त्याने मुलांच्या चित्रांच्या पायऱ्यांवर जे पुस्तक लिहिलं ते पुढे शिक्षकांचं नेहमीचं पुस्तक झालं. त्याच्या मांडणीत नऊच्या पुढे मूल स्वतःच्या चित्रावर नाराज व्हायला लागतं. जमिनीची ती सरळ रेघ, जिच्यावर घर-झाड-आई सगळे रांगेत उभे असायचे, ती जाते. एक वस्तू दुसरीच्या मागे जाते, झाकते. मूल आता परक्याच्या नजरेने बघू शकतं. आणि त्याच नजरेने स्वतःचं चित्रही बघतं. मनाची ही मोठी वाढ आहे, पण हात मागे राहिलेला असतो. डोळ्याला कळतं की पुढचा पाय चुकलाय, हाताला कळत नाही की मग कसा काढायचा. या फटीत बहुतेक जण चित्र सोडतात. मीही सोडलं. सातवीत एलिमेंटरीचा फॉर्म आणला होता, भरला नाही.

हा भाग करायचं खरं कारण सांगायचं तर हेच. या वयात मात्र नुसतं गप्प बसून भागत नाही असं माझं मत झालंय. पाच वर्षांच्या मुलीला मदत नकोय. अकरा वर्षांच्या मुलाने मदत मागितलीय, फक्त कागद चुरगळून मागितलीय. त्याला बैल काढून द्यायचा नाही, पण बघायची युक्ती द्यायला काय हरकत आहे?

म्हणून दिवाळीत लाईट गेले तेव्हा मी लाकडी बैल स्टुलावर ठेवला आणि मोबाईलचा टॉर्च त्याच्या बाजूने लांबून मारला. भिंतीवर कागद चिकटवला. सावली पडली. मी काही बोललो नाही. भाचा जवळ गेला, पेन्सिल घेतली आणि सावलीच्या कडेने रेघ फिरवली. मग मागे येऊन बराच वेळ बघत राहिला. पलीकडचे दोन पाय अलीकडच्या दोन पायांमागे गेले होते, एक डोळा पलीकडे गेला होता, आणि तरी तो पूर्ण बैल होता. त्याने टॉर्च थोडा पुढच्या बाजूला सरकवला. आता चारही पाय दिसायला लागले, पण शरीर लांबलं. "अरे!" म्हणाला, आणि दुसरा कागद मागितला. त्या रात्री त्याने सहा बैल काढले. शेवटचा सावलीशिवाय, स्टुलावरच्या बैलाकडे बघून. पुढचा पाय अजूनही फसलाच होता, पण कागद फेकला नाही.

भाची हे सगळं शेजारी उभी राहून बघत होती. भाऊ झोपायला गेल्यावर तिने त्याचा पहिला कागद ओढून घेतला.

"मामा, याले दोनच पाय आहे?"

मी म्हटलं, "दोन मागे लपलेत."

तिने खडू घेतला, लपलेले दोन्ही पाय काढले, प्रत्येकाखाली चाक काढलं. मग जरा थांबून पोटात एक पिवळा गोलही काढला.

भाच्याला सकाळी काय सांगायचं, ते मात्र मी ताईवर सोडून बस पकडली.